पाऱ्याला न दिसणारा हिशेब : बेंझिन, टोल्युइन आणि त्यांच्यावरची वाफ

१/
१७ फेब्रुवारी १८५५. लंडनच्या सेंट जॉन्स वुड भागातील एका इमारतीत चार्ल्स मॅन्सफील्ड हा छत्तिशीच्या आतला रसायनज्ञ पॅरिसच्या प्रदर्शनासाठी शुद्ध बेंझिनचे नमुने तयार करीत होता. ऊर्ध्वपातनाचे पात्र उतू गेले आणि पेटले. इमारत वाचावी म्हणून त्याने ते जळते पात्र उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न केला. नऊ दिवसांनी मिडलसेक्स रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

२/
ज्या कामात त्याचा जीव गेला, त्यामागचा नियम तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता. दोन बाष्पनशील द्रव एकमेकांत मिसळले, तर त्यांच्यावरच्या वाफेत कोण किती असते? आज हा प्रश्न बारावीच्या परीक्षेत चार गुणांना येतो. त्याचे उत्तर प्रत्यक्ष मोजून पडताळायला मात्र मॅन्सफील्डनंतर पंचेचाळीस वर्षे जावी लागली. या धाग्यात त्या पंचेचाळीस वर्षांची हकीकत आहे.

३/
प्रथम मॅन्सफील्डची अडचण समजून घेऊ. दगडी कोळशापासून दिव्यांचा वायू काढताना डांबर उरे, आणि त्या डांबरातून निघणाऱ्या हलक्या तेलात बेंझिन असे. तो होफमानचा विद्यार्थी. हे तेल वेगळे करण्याच्या कृतीचे पेटंट त्याने १८४७ मध्ये घेतले होते. परंतु बेंझिन त्या तेलात एकटे नव्हते. त्याच्यासोबत टोल्युइन होते. बेंझिन ८० अंश सेल्सियसला उकळते, टोल्युइन ११० च्या थोडे पुढे. तीस अंशांचे अंतर म्हणजे भरपूर, असे कोणालाही वाटेल. ८० अंशांवर तापवावे, बेंझिन निघून जाईल, टोल्युइन मागे राहील.

४/
तसे घडत नाही. मिश्रण ८० ला उकळत नाही आणि ११० लाही उकळत नाही. दोहोंचे रेणू समान संख्येने असतील, तर ते साधारण ९२ अंशांना उकळू लागते, आणि उकळता उकळता तापमान चढत राहते. पहिल्या थेंबापासून गोळा होणाऱ्या द्रवात टोल्युइन असतेच. मॅन्सफील्डने पात्राच्या डोक्याभोवती पाणी ठेवले, म्हणजे जड वाफा तेथे थिजून परत खाली गळाव्यात. अखेरची शुद्धी त्याने बेंझिन गोठवून साधली. बेंझिन साडेपाच अंशांना गोठते, टोल्युइन त्या थंडीत द्रवच राहते. कृती अचूक होती. ती का चालते, हे सांगणारे सूत्र मात्र त्याच्यापाशी नव्हते.

५/
बाष्पदाब मोजणे त्या काळी अवघड नव्हते. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून उलटी धरायची. पाऱ्याचा स्तंभ सुमारे ७६० मिलिमीटरवर स्थिरावतो आणि त्याच्या वर पोकळी राहते. त्या पोकळीत द्रवाचे थोडे थेंब चढवले की काही वाफ होते आणि ती पारा खाली दाबते. पारा जितका उतरला, तितका त्या तापमानाचा बाष्पदाब. २० अंशांना बेंझिन पाऱ्याला सुमारे ७५ मिलिमीटर खाली ढकलते आणि टोल्युइन सुमारे २२.

६/
आता दोन्ही मिसळून तेच करा. पारा किती उतरेल? दोन द्रव एकमेकांत मुळीच विरघळत नसतील, तर दोघांचे दाब सरळ बेरजेत येतात. फ्रान्सच्या रेन्योने १८५० च्या दशकात दाखवून दिले की, एकजीव होणाऱ्या द्रवांच्या बाबतीत दाब या बेरजेपेक्षा कमी भरतो. किती कमी, याचा साधा नियम त्याला गवसला नाही. आणि खरी अडचण वेगळीच होती. पारा एकूण दाब सांगतो. त्यात बेंझिनचा वाटा किती आणि टोल्युइनचा किती, याविषयी तो अवाक्षर काढत नाही.

७/
येथे फ्रान्स्वा-मारी राऊल येतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचे नाव राऊल्ट असे छापतात. फ्रेंचमध्ये शेवटचा ट उच्चारत नाहीत. जन्म १८३०, लील शहराजवळच्या गावी. आयुष्याचा मोठा भाग आल्प्सच्या पायथ्याच्या ग्रेनोबलमध्ये प्राध्यापकीत गेला. द्रावणांच्या गोठणबिंदूंवर अनेक वर्षे काम केल्यानंतर तो बाष्पदाबाकडे वळला. ईथर हे त्याचे आवडते द्रावक. त्यात त्याने टर्पेंटाइन, नायट्रोबेंझिन, ॲनिलीन असे पदार्थ विरघळवले आणि पारा किती उतरतो ते पाहिले.

८/
या पदार्थांची निवड सहज म्हणून झालेली नाही. हे सारे ईथरच्या तुलनेत फारच कमी बाष्पनशील आहेत. वाफेत जवळजवळ केवळ ईथरच असणार, म्हणून पाऱ्याचा आकडा हा ईथरचाच आकडा मानता येतो. वाटणीचा प्रश्न राऊलने सोडवला नाही. तो उद्भवणारच नाही अशी व्यवस्था केली. मला ही त्याची सर्वांत मोठी हुशारी वाटते.

९/
१८८७ मध्ये त्याने मांडलेला निष्कर्ष असा: द्रावकाचा बाष्पदाब ज्या प्रमाणात घटतो, ते प्रमाण विरघळलेल्या पदार्थाच्या मोल-अपूर्णांकाइतके असते. शंभर रेणूंत एक परका असेल, तर दाब शंभरात एकाने घटतो. परका कोण आहे, त्याचा रेणू जड की हलका, याला महत्त्व नाही; त्यांची संख्या तेवढी मोजायची. हेच उलट बाजूने म्हटले, तर द्रावकाचा दाब त्याच्या शुद्ध दाबाला स्वतःच्या मोल-अपूर्णांकाने गुणून मिळतो.

१०/
आता स्वाभाविक प्रश्न. द्रावणातला दुसरा घटकही उडून जाणारा असेल तर? त्यालाही हाच नियम लावून पाहावा. दोघांपैकी प्रत्येकजण आपापल्या मोल-अपूर्णांकाच्या प्रमाणात दाब देईल आणि एकूण दाब म्हणजे त्यांची बेरीज. आज आपण ‘राऊल्टचा नियम’ म्हणून हाच विस्तार शिकतो. १८८७ च्या निष्कर्षाचा पाया ज्या प्रयोगांवर होता, त्यांत हा प्रसंग मुद्दाम टाळलेला होता, एवढे ध्यानात ठेवावे. सूत्र असे लिहितात:

P = x₁P₁° + x₂P₂°

यात x हे द्रवातले मोल-अपूर्णांक आणि P° हे त्याच तापमानाचे शुद्ध दाब.

११/
मॅन्सफील्डच्या पात्रावर हे लावून पाहू. १०० ग्रॅम बेंझिन आणि १०० ग्रॅम टोल्युइन, तापमान २० अंश. प्रथम वजनांचे मोल करायचे, आणि नेमकी येथेच विद्यार्थ्यांची घाई नडते. बेंझिनचा मोल ७८ ग्रॅमचा, म्हणजे १.२८ मोल. टोल्युइनचा ९२ ग्रॅमचा, म्हणजे १.०९ मोल. एकूण २.३७. बेंझिनचा मोल-अपूर्णांक ०.५४ आणि टोल्युइनचा ०.४६. वजने सारखी असली, तरी रेणूंची संख्या सारखी नाही.

१२/
बेंझिनचा आंशिक दाब ०.५४ गुणिले ७५, म्हणजे ४०.५ मिलिमीटर. टोल्युइनचा ०.४६ गुणिले २२, म्हणजे सुमारे १०. पारा साधारण ५०.५ मिलिमीटर उतरेल. दोन शुद्ध दाबांची बेरीज ९७ होते, ती येथे कोठेच नाही. कारण कल्पनेने पाहता येते. शुद्ध बेंझिनच्या पृष्ठभागावरून सुटणारे सगळे रेणू बेंझिनचेच असतात. मिश्रणाच्या पृष्ठभागावरची जवळजवळ निम्मी जागा टोल्युइनने अडवली आहे. सुटणारे कमी झाले, म्हणून दाबही कमी झाला.

१३/
आता वाफेत कोण किती? प्रत्येकाचा आंशिक दाब एकूण दाबाने भागायचा. ४०.५ भागिले ५०.५ म्हणजे ०.८०. द्रवात बेंझिनचे शंभरात ५४ रेणू, त्यावरच्या वाफेत ८०. द्रवाचे मोल-अपूर्णांक वाफेलाही लागू धरणे ही दुसरी नेहमीची चूक. ते दोन वेगळे आकडे आहेत, आणि ऊर्ध्वपातनाचा सगळा व्यवसाय त्यांच्या फरकावर उभा आहे.

१४/
ही वाफ थंड करून पुन्हा द्रव करा. नव्या द्रवात बेंझिन ०.८०. त्याच्यावरचा दाब ६० अधिक ४.४, वाफेत बेंझिन ०.९३. पुन्हा एकदा केले, तर सुमारे ०.९८. तीन पायऱ्यांत ५४ चे ९८ झाले, पण १०० झाले नाहीत, आणि अशा कितीही पायऱ्या चढलो तरी गणिताने ते १०० होणार नाहीत. दर पायरीला मिळणारा लाभ घटतच जातो. मॅन्सफील्डला अखेर गोठवण्याचा आधार घ्यावा लागला, त्याचे कारण हेच.

१५/
खाली उरलेल्या द्रवाचे काय होते, तेही पाहावे. वाफेबरोबर बेंझिन अधिक निघून जाते, म्हणून मागे टोल्युइन साठत राहते. द्रवात बेंझिन ०.२० वर आले की त्याचा दाब १५, टोल्युइनचा १७.६, वाफेत बेंझिन निम्म्याहूनही कमी, ०.४६. एकूण दाबही ५०.५ वरून ३२.६ वर उतरलेला. हवेच्या दाबाशी बरोबरी करायला आता पात्र अधिक तापवावे लागणार. चढत जाणाऱ्या उत्कलनबिंदूचे रहस्य एवढेच आहे.

१६/
एक मर्यादा सांगायला हवी. वरचे आकडे २० अंशांचे आहेत. त्या तापमानाला दोन शुद्ध दाबांचे गुणोत्तर ३.४ आहे, मिश्रण खरोखर उकळते त्या ९२ अंशांच्या आसपास ते अडीचपर्यंत उतरते. म्हणजे उकळत्या पात्रात प्रत्येक पायरी या उदाहरणापेक्षा बुटकी असते. दाब कमी करून थंड अवस्थेत ऊर्ध्वपातन केले, तर या जोडीचे घटक अधिक सहज वेगळे होतात.

१७/
हा सगळा हिशेब कागदावरचा झाला. वाफेत खरोखरच ८० टक्के बेंझिन आहे, हे कोणी पाहिले? राऊलच्या आधीच, १८८१ मध्ये, स्ट्रासबुर्ग येथे कुंटच्या प्रयोगशाळेत दिमित्री कोनोवालोव्ह या तरुण रशियनाने पाण्यात अल्कोहोले आणि आम्ले मिसळून त्यांचे एकूण दाब मोजले होते. त्यावरून त्याने दोन गोष्टी दाखवल्या. ज्या घटकाची भर घातल्याने एकूण दाब वाढतो, तो घटक वाफेत द्रवापेक्षा अधिक प्रमाणात असतो. आणि दाबाचा आलेख जेथे शिखर गाठतो किंवा तळ गाठतो, तेथे वाफ आणि द्रव यांची घडण एकच असते. ही झाली दिशा. वाफेतला प्रत्यक्ष आकडा त्याने हाती लागत नाही.

१८/
तो आकडा मिळवला यान झाविड्झकी याने. हा पोलिश रसायनज्ञ लाइपझिगला ओस्टवाल्डच्या संस्थेत काम करीत होता आणि त्याचा निबंध १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धत अशी: मिश्रण स्थिर तापमानाला ठेवायचे आणि त्यातून अगदी थोडी वाफ काढून थिजवायची. थोडीच घ्यायची, कारण अधिक घेतली तर खालच्या द्रवाचे प्रमाणच बदलते आणि मग आपण नेमके कशावरची वाफ मोजली ते सांगता येत नाही. मग त्या काही थेंबांचा अपवर्तनांक पाहायचा. वजन करून तयार केलेल्या मिश्रणांचे अपवर्तनांक आधीच नोंदलेले असतात. त्या आलेखावरून वाफेचे घटकप्रमाण वाचता येते.

१९/
या युक्तीची एक अट आहे: दोन द्रवांचे अपवर्तनांक एकमेकांपासून पुरेसे दूर हवेत. आपली बेंझिन-टोल्युइन जोडी येथे निरुपयोगी ठरते. एकाचा १.५०१, दुसऱ्याचा १.४९७. प्रकाशाला त्या दोघांत जवळजवळ भेद करता येत नाही. झाविड्झकीच्या जोड्यांत बेंझिन आणि एथिलीन क्लोराइड ही होती. त्यांचे अपवर्तनांक १.५०१ आणि १.४४५. ५० अंशांना या दोघांचे शुद्ध दाब सुमारे २६८ आणि २३६ मिलिमीटर. मोजलेले आंशिक दाब या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ सरळ रेषेत आले. म्हणजे राऊलच्या नियमाचा विस्तार निदान एका जोडीला तरी खरोखर लागू पडत होता.

२०/
मग त्याने ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म घेतले. तापमान ३५ अंशांच्या किंचित वर. शुद्ध ॲसिटोनचा दाब सुमारे ३४५, क्लोरोफॉर्मचा सुमारे २९३. क्लोरोफॉर्मचे ६० आणि ॲसिटोनचे ४० रेणू असलेल्या मिश्रणाला सूत्र काय सांगते? १७६ अधिक १३८, म्हणजे ३१४. प्रत्यक्षात दाब २५० च्या आसपास. दोन्ही शुद्ध द्रवांपेक्षाही खाली! आलेखाला मध्येच तळ पडलेला, आणि कोनोवालोव्हने म्हटल्याप्रमाणे त्या तळाशी वाफ व द्रव सारखेच. तेथे ऊर्ध्वपातन थांबते. हवेच्या नेहमीच्या दाबाला ही जोडी साडेचौसष्ट अंशांच्या सुमारास एकसंध द्रवासारखी उकळते. ॲसिटोन एकटे ५६ ला उकळते आणि क्लोरोफॉर्म ६१ ला.

२१/
कारण पुढे उलगडले. क्लोरोफॉर्मचा हायड्रोजन ॲसिटोनच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. स्वतःच्या जातभाईंपेक्षा हे दोघे एकमेकांना अधिक घट्ट धरतात, म्हणून सुटणारे रेणू कमी. याच्या उलट ॲसिटोन आणि कार्बन डायसल्फाइड. त्याच तापमानाला कार्बन डायसल्फाइडचा शुद्ध दाब सुमारे ५१२, आणि मिश्रणाचा चढतो सुमारे ६५५ पर्यंत, कारण एकमेकांचा सहवास दोघांनाही मानवत नाही. बेंझिन आणि टोल्युइन यांत फरक एका मिथिल गटाचा. शेजारी बदलला तरी रेणूला फारसे काही जाणवत नाही, म्हणून तेथे सरळ रेषा टिकते.

२२/
अशा मोजमापावर विश्वास कधी ठेवायचा? दुहेम आणि व्हिएन्नाचा मार्गुलेस यांच्या नावाने ओळखले जाणारे एक समीकरण येथे पंचाचे काम करते. तापमान स्थिर असेल, तर दोन घटकांचे आंशिक दाब एकमेकांपासून स्वतंत्रपणे बदलू शकत नाहीत. एक घटक सर्व प्रमाणांत सरळ रेषा पाळत असेल, तर दुसऱ्यालाही ती पाळावीच लागते. कोणी बेंझिन सरळ आणि टोल्युइन वाकडे असा तक्ता आणून दिला, तर त्याच्या वाफेच्या नमुन्यात चूक आहे, हे प्रयोगशाळेत पाऊल न टाकता सांगता येते. झाविड्झकीने आपले आकडे या कसोटीवर घासून पाहिले होते.

२३/
आणि जेथे सूत्र मध्यभागी फसते, तेथेही टोकांना ते खरे ठरते. मिश्रण जवळजवळ शुद्ध ॲसिटोन असेल, तर ॲसिटोन राऊलचा नियम पाळतेच. त्याच्याभोवतीचे बहुतेक शेजारी स्वतःसारखेच असतात. तेथे अपवाद ठरते ते अल्पसंख्य क्लोरोफॉर्म. राऊलने ईथरची विरल द्रावणे घेऊन काम केले होते, ते नेमके याच टोकाला.

२४/
शेवटी पुन्हा टोल्युइनकडे. द्रावक म्हणून विकल्या जाणाऱ्या टोल्युइनच्या बंद डब्यात शंभर रेणूंमागे केवळ एक रेणू बेंझिनचा आहे असे धरा. २० अंशांना बेंझिनचा आंशिक दाब ०.०१ गुणिले ७५, म्हणजे ०.७५ मिलिमीटर, टोल्युइनचा २१.८. द्रावकाच्या वाफेत बेंझिन एक टक्का नाही, ३.३ टक्के आहे. डब्यातल्या हवेचा एकूण दाब ७६० धरला, तर हवेच्या दहा लाख भागांत बेंझिनचे सुमारे ९९० भाग झाले. हवेशीर खोलीत ही वाफ पुष्कळ विरळ होते, हे खरे. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, म्हणून अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १९८७ पासून दहा लाखांत एक भाग एवढी आहे. डब्यावरच्या चिठ्ठीत ‘बेंझिन १ टक्का’ असे छापलेले असते, तो आकडा द्रवाचा असतो. झाकण उघडणाऱ्याच्या नाकाशी येते ती वाफ.